किकचा 'टक' आतून, 'धम' बाहेरून, आणि दोन्ही मिळून पातळ का होतं

प्रश्न: दादा, मी चोपड्याकडचा. आमचा अहिराणी गाण्यांचा ग्रुप आहे, घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. किक २२ इंची, समोरच्या हेडला भोक आहे. माझ्याकडे एक डी११२ आणि एक एसएम५७ आहे. माईक आत टाकला की नुसतं टकटक येतं, बाहेर ठेवला की धम येतो पण बीटर गायब. दोन्ही लावले तर आवाज उलटा पातळच झाला, ईक्यूने ६० कितीबी वाढवलं तरी भरत नाय. माईक नवीन घेऊ का?

उत्तर:

माईक घेऊ नको भो, पैसे ठेव. आधी एक कर, बाहेरच्या माईकच्या ट्रॅकवर पोलॅरिटीचं बटण असतं, गोल आणि त्याच्यावर तिरपी रेघ, ते दाब आणि दोन्ही ट्रॅक सोबत ऐक. नव्वद टक्के तुझा धम तिथंच सापडेल. दाबल्यावर आवाज जाडा झाला तर दाबलेलंच ठेव, पण मग तो उलटा का झाला होता ते शोधावं लागेल, कारण नीट लावलेल्या दोन माईकमध्ये ते बटण दाबायची गरजच पडायला नको. का ते सांगतो.

बीटर हेडला मारतो तेव्हा ते हेड आतल्या बाजूला ढकललं जातं, शेलमधली हवा दाबली जाते, ती हवा समोरचं हेड बाहेर ढकलते. आता आतला माईक बीटरकडे तोंड करून बसलाय, त्याच्याकडे हवा दाबून आली. बाहेरचा माईक समोरच्या हेडकडे तोंड करून बसलाय, त्याच्याकडेही हवा दाबूनच आली. म्हणजे दोघांची सुरुवात एकाच दिशेने. उलटं कधी होतं, तर तिसरा माईक ड्रमरच्या बाजूने, पेडलजवळ लावला तेव्हा, कारण त्या बाजूला हेड माईकपासून लांब पळतं. तिथं बटण दाबावंच लागतं. तुझे दोन्ही माईक समोरच्याच बाजूचे आहेत, तरी पातळ होतंय, म्हणजे एकतर केबलमध्ये घोळ आहे, नाहीतर ईक्यूने फेज फिरवलाय. दोन्ही गोष्टी मी स्वतः भोगल्यात.

केबलचीच सांगतो. मागे अमळनेरकडची एक पार्टी जळगावात माझ्याकडे आली होती, लग्नाच्या ऑर्केस्ट्रावाले, पाच गाणी करायची होती. किक २२ बाय १८, म्हणजे शेल ४५ सेंटिमीटर खोल. आत एसएम५७, बाहेर डी११२, माईक अगदी तुझ्याकडचेच दोन. एकेकटा ट्रॅक ऐकला तर दोन्ही झकास, सोबत वाजवले की खोक्यावर टिचकी मारल्यासारखं. मी काय केलं, तर ६० हर्ट्झला ३ डीबी वाढव, मग ६, मग ९, दोन तास गेले, ड्रमर बिचारा चहा पिऊन पिऊन कंटाळला. शेवटी एकच ठोका झूम करून बघितला, आतल्या माईकचा पहिला मोठा उंचवटा वर आणि बाहेरच्याचा खाली. केबल आमच्याच पोराने दुपारी सोल्डर केली होती आणि एका टोकाला २ नंबर आणि ३ नंबरच्या पिना अदलाबदल झाल्या होत्या. मल्टीमीटर लावला, दोन मिनिटांत कळलं. ते दोन तास मात्र कुणी परत देत नाय.

आता ९ डीबी वाढवूनही का भरेना, ते आकड्यात बघ म्हणजे डोक्यात बसेल. आतला माईक बीटरच्या हेडपासून ५ सेंटिमीटरवर होता, बाहेरचा समोरच्या हेडपासून १० सेंटिमीटरवर. दोघांमधलं अंतर झालं ४० अधिक १०, म्हणजे ५० सेंटिमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो (२५ अंशाला, आपल्या मे महिन्यात थोडा अजून जोरात), म्हणजे बाहेरच्या माईकला आवाज साधारण १.४५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ६० हर्ट्झची एक पूर्ण लाट १६.७ मिलिसेकंदांची असते, तिच्यापुढे दीड मिलिसेकंद म्हणजे काहीच नाय, ३१ अंशांचा फरक. पोलॅरिटी बरोबर असेल आणि दोन्ही माईकमध्ये ६० सारखंच असेल तर बेरीज जवळजवळ पूर्ण मिळते, ६ डीबीच्या जागी ५.७. पण एक उलटा असेल तर तीच बेरीज वजाबाकी होते आणि एकट्या माईकपेक्षाही ५ डीबीच्या वर खाली जातं. वरच्या आणि खालच्या परिस्थितीत ११ डीबीचा फरक झाला. मी दोन्ही ट्रॅकच्या बसवर ६० वाढवत होतो, म्हणजे आधी कापलेलं परत फुगवत होतो, आणि सोबत आजूबाजूची घरघरही फुगत होती.

हा हिशोब सरळ रेषेतल्या हवेचा आहे बरं. खरा ड्रम म्हणजे नळी नाय, समोरच्या हेडला स्वतःचं वजन आणि ताण आहे, ते थोडं मागे रेंगाळतं, म्हणून कधी कधी फरक ३१ अंशापेक्षा जास्त निघतो. त्यामुळे शेवटचा निकाल कानाचा. बटण दाबायचं, सोडायचं, ज्या स्थितीत पोटात जास्त लागतं ती बरोबर.

आता कोणता माईक कुठं. तू डी११२ आत टाकला असशील असं मला वाटतंय, कारण सगळे तेच करतात, किकचा माईक आहे ना मग किकच्या आत. तुझ्या दोन माईकांत उलटं कर. एसएम५७ आत, डी११२ बाहेर. टक हा आवाज जन्माला येतो फक्त एकाच ठिकाणी, बीटर जिथं हेडला टेकतो तिथं, आणि तो साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये राहतो. एसएम५७ ला ५-६ किलोच्या आसपास मुळातच उचल आहे आणि खालचा भाग हलका आहे, म्हणजे टकसाठी तो फुकटचा तयार. धम हा सगळ्या ड्रमचा आवाज आहे, दोन्ही हेड आणि मधली हवा मिळून होणारा, २२ इंचीला तो बहुतेक ५० ते ६५ च्या मधे असतो, आणि तो समोरच्या हेडच्या बाहेर सगळ्यात मोकळा मिळतो. डी११२ चं मोठं तोंड तिथं कामाला येतं.

आत ठेवताना एसएम५७ भोकातून नीट आत घे, बीटरच्या जागेपासून ५ ते ८ सेंटिमीटर, तोंड सरळ बीटरच्या खुणेकडे. तिथं टक सगळ्यात टोकदार. आता तो फार टोकदार झाला, पत्र्यावर खडा पडल्यासारखा, तर ईक्यूला हात लावू नको, माईक दोन बोटं बाजूला सरकव म्हणजे तो बीटरच्या खुणेकडे न बघता हेडच्या रिकाम्या भागाकडे बघेल. टक मऊ होतो आणि थोडं अंगही येतं. आणि मागे ओढत ओढत शेलच्या मध्यावर आणलास तर टक कमी होऊन २५० ते ४०० चा डबा वाढत जातो. "आतून बाहेरून दोन्ही मिळतील" म्हणून लोक मधोमध ठेवतात, आणि मिळतो काय तर पुठ्ठ्याचा खोका. बीटर फेल्टचा आहे का लाकडाचा तेही बघ, फेल्टचा असेल आणि टक येत नसेल तर माईक कितीही जवळ ने, जे वाजतच नाही ते माईक कुठून आणणार. बीटर उलटा करून प्लास्टिकची बाजू लाव, बऱ्याच बीटरला दोन बाजू असतात, आणि हेडवर एक पट्टी चिकटव म्हणजे फाटणार नाय.

बाहेरचा माईक भोकासमोर ठेवू नको, हे सगळ्यात जास्त होतं. भोकातून प्रत्येक ठोक्याला हवेचा झोत बाहेर पडतो, हात धरून बघ लागतो तो, आणि माईक त्याच्यासमोर असला की 'फुफ' असा वारा नोंदला जातो, लाट बघितली तर खूप मोठी दिसते आणि ऐकायला मात्र धम नाय, नुसता वारा. भोक सोडून हेडचा जो सलग भाग आहे त्याच्यासमोर, कडेच्या आणि मध्याच्या साधारण अर्ध्यावर, १० सेंटिमीटर लांब ठेव. जवळ नेलास तर प्रॉक्सिमिटीमुळे खालचा भाग अजून फुगतो, लांब नेलास तर धमला थोडी जागा मिळते पण स्नेअर आणि सिंबल आत शिरतात. म्हणून दोन खुर्च्या ठेवून त्यांच्यावर गोधडी टाक, ड्रमच्या समोरच्या अर्ध्या भागाचा तंबू होतो, डी११२ त्या तंबूत. माझ्याकडे आजीच्या दोन जाड गोधड्या आहेत, महागड्या फोमपेक्षा त्यांनी जास्त काम केलंय.

गोधडीवरून आठवलं, ड्रमच्या आत काय भरलंयस? आपल्याकडच्या बऱ्याच ड्रमरना सवय असते, उशी, चादर, जुनी साडी सगळं कोंबून ठेवायची, काही तर समोरचं हेडच काढून टाकतात. स्टेजवर एका माईकवर टक पाहिजे असेल तर ठीक, पण बाहेरच्या माईकला धम पाहिजे असेल तर समोरचं हेड हललं पाहिजे ना. सगळं बाहेर काढ, एकच छोटा टॉवेल घडी करून तळाला ठेव, बीटरच्या हेडला जेमतेम टेकेल असा, समोरच्या हेडला अजिबात टेकू नको देऊ. लांबी किती ठेवायची ते गाण्यावर आहे. तुमचं लग्नातलं नाचायचं गाणं १३० च्या आसपास असेल तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ०.४६ सेकंद मिळतात, आणि मधे अर्ध्यावर अजून एक ठोका असेल तर ०.२३. धम त्याच्या आत संपला पाहिजे, नाहीतर पुढच्या ठोक्याचा टक आधीच्या शेपटीवर पडतो आणि सगळं राडा होतं. फार लांबतंय वाटलं तर टॉवेल थोडा जास्त टेकव, उशी भरू नको.

आता ईक्यूने फेज फिरवल्याची गोष्ट, हा माझा दुसरा घोळ, केबलपेक्षा बेरकी. तू डीजेचे टॉप आणि बेस लावले असशील, तर क्रॉसओव्हर माहिती असेल. दोन माईकांचं मिक्स मी तसंच करतो, बाहेरच्या माईकला लो-पास लावून वरचं सगळं कापायचं, कारण तिथल्या वरच्या भागात स्नेअर आणि सिंबलशिवाय काही नाय, आणि आतल्या माईकला हाय-पास लावून खालचं कापायचं. साधारण १०० ला दोघांची गाठ. ऐकायला सोपं, पण फिल्टर फक्त आवाज कापत नाय, तो लाट मागेपुढेही ढकलतो. १२ डीबीचा लो-पास १०० वर लावला की बरोबर १०० ला लाट ९० अंश मागे पडते, १२ डीबीचा हाय-पास तिथंच लावला की ९० अंश पुढे जाते. दोघांत १८० चा फरक, म्हणजे १०० च्या आसपास खड्डा, आणि धमचं जे पंच वाटतं ना छातीत, ते तिथंच कुठंतरी असतं. म्हणून बेस आणि टॉपच्या क्रॉसओव्हरमध्ये जसं कधी एकाची पोलॅरिटी उलटवतात तसं इथंही फिल्टर लावल्यानंतर बटण परत दाबून बघावं लागतं. केबल तपासली, फिल्टर नसताना बटण वर ठेवलं तेच बरोबर वाटलं, म्हणून निश्चिंत झालो आणि मग फिल्टर लावले, असं माझं झालंय. फिल्टर बदलला की बटण दाबून बघायचं, प्रत्येक वेळी. किंवा सरळ आतल्या माईकवर हाय-पास नको लावू, एसएम५७ आधीच खाली हलका आहे, फक्त ३०० च्या आसपास ३-४ डीबी कमी कर. मी बहुतेक वेळा असंच सोडतो.

कुणी सांगेल की बाहेरचा ट्रॅक १.४५ मिलिसेकंद आधी सरकवून दोन्ही लाटा जुळव, ४८ किलोहर्ट्झला ते ६९ सॅम्पल होतात. करून बघ, पाप नाय. पण आधी हे ऐक. न जुळवता बाहेरच्या माईकला फिल्टर नसेल तर ५० सेंटिमीटरच्या उशिरामुळे खड्डा पडतो साधारण ३४५ हर्ट्झला. आणि ३४५ म्हणजे काय, तोच खोक्याचा आवाज जो आपण ईक्यूने काढत बसतो. अमळनेरवाल्यांच्या गाण्यात मी जुळवलं तेव्हा खाली ०.३ डीबी मिळाले आणि खोका मात्र परत उठून बसला. परत होतं तिथं नेऊन ठेवलं. बाहेरच्यावर ११० चा लो-पास असेल तर ३४५ ला तसंही काही उरत नाय, मग जुळवलं काय नि नाही जुळवलं काय, ऐकू येणारा फरक फार थोडा.

तुझी खोली सांगितली नाहीस, पण घरची १० बाय १२ ची असेल तर अजून एक फसवणूक आहे. १० फुटाच्या भिंतींमध्ये ५७ हर्ट्झची लाट अर्धी बरोबर बसते, आणि तिचा रिकामा भाग खोलीच्या मध्यावर येतो. म्हणजे तू त्या दोन भिंतींच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून ऐकत असशील तर किकचा धम तुला कमीच ऐकू येणार, तू ६० वाढवणार, आणि गाडीत लावलं की काचा हलणार. खुर्ची भिंतीकडे तीनेक फूट सरकव, नाहीतर खालचा निर्णय हेडफोनवर घे. फोनच्या स्पीकरवर मात्र फक्त टक तपास, त्याच्यावर ६० येतच नाय, तिथं किक गायब झाली म्हणजे तुझा आतला माईक कमी आहे, धम नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा आणि कूलर बंद. मला माहितीय मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ ला पंखा बंद करा म्हटलं की ड्रमर तोंड बघतो, पण बाहेरचा माईक खालचं सगळं ओढतो आणि डुगडुगणारा छताचा पंखा त्यात मस्त येतो. आणि गाणं थांबल्यावर बाहेरच्या ट्रॅकवर सलग गुणगुण येत असेल तर ती लाईटची, आपल्या लाईटची ५० हर्ट्झ, नेमकी किकच्या शेजारीच बसते, ईक्यूने काढायला गेलास तर धमही जाईल. इन्व्हर्टर आणि अडॅप्टरपासून केबल लांब घे, उरलेलं गेटने ठोक्यांच्या मधलं बंद कर.

लेव्हल दोन्हीची मोठ्यात मोठ्या ठोक्याला उणे १० ते १२ च्या आसपास ठेव. आतला एसएम५७ बीटरच्या इतक्या जवळ आहे की प्रीअँप लाल होतो, तो लाल झाला की टक 'चट' होतो आणि मग तो परत येत नाय. पॅड असेल तर लाव.

मिक्समध्ये आधी बाहेरचा ट्रॅक एकटा उघड, बेस गिटार सोबत ठेवून धम पुरेल इतका आण. मग आतला शून्यापासून हळूहळू वर घे आणि जिथं बीटर 'दिसायला' लागतो तिथं थांब. तुमच्या गाण्यात डफ किंवा ढोलकी जोरात असेल तर टक थोडा जास्त लागेल, कारण त्यांचीही टाळी त्याच भागात पडते. गाणं हळू असेल तर टक इतका कमी ठेव की बंद केल्यावरच कळेल तो होता म्हणून.

स्टेजवर मात्र हे दोन माईकांचं नाटक करू नको. बाहेरचा माईक समोर सब ठेवले की त्यांचाच आवाज परत ओढतो आणि ६० च्या आसपास घुमायला लागतो, तंबूही टाकता येत नाही. तिथं डी११२ एकटा, भोकातून थोडा आत, भोकाच्या बरोबर रेषेत नाही तर त्याच्या चार बोटं पुढे, बीटरपासून थोडा तिरपा.

आता तू आधी केबल तपास, २ ला २ आणि ३ ला ३ लागतंय का बघ. मग टॉवेल सोडून सगळं ड्रममधून काढ, माईक अदलाबदल कर, आणि एकच ठोका दोन्ही ट्रॅकवर रेकॉर्ड करून रीपरमध्ये झूम करून बघ. आतल्याचा उंचवटा वर आणि दीडेक मिलिसेकंदानंतर बाहेरच्याचाही वर सुरू होत असेल तर लावणं बरोबर आहे. एक वर एक खाली असेल आणि केबल चांगली असेल, तर त्या ठोक्याचं चित्र इथं टाक, मी बघतो.